‘लिकर्ट श्रेणी कोणत्या प्रकारची?’ हा प्रश्न आपण बदलायला हवा



बीबीए, एम.कॉम., एमबीए अशा कुठल्याही वर्गाची ‘व्यवसाय संशोधन पद्धती’ची प्रश्नमंजुषा उघडा. पहिल्या दहा प्रश्नांत एक प्रश्न हमखास सापडतो : ‘लिकर्ट श्रेणी ही कोणत्या प्रकारची मापनश्रेणी आहे? अ) नॉमिनल ब) ऑर्डिनल क) इंटरव्हल ड) रेशो.’ एका प्रश्नसंचाच्या उत्तरसूचीत ‘ब’ असते, दुसऱ्याच्या उत्तरसूचीत ‘क’. विद्यार्थी काय करतो? ज्या सरांचा पेपर, त्यांचे उत्तर पाठ करतो. एक गुण मिळतो आणि विषय तिथेच संपतो.

पुढे हाच विद्यार्थी प्रोजेक्ट करतो. शंभर ग्राहकांकडून प्रश्नावली भरून घेतो. पुरुष 1, स्त्री 2 असे संकेतांक देतो, समाधानाला 1 ते 5 देतो आणि सगळ्याच रकान्यांची सरासरी काढतो. ‘लिंगाची सरासरी 1.47’ अशी ओळ अहवालात छापून येते, आणि तोंडी परीक्षेत कोणी विचारले तर उत्तर मिळते, ‘सर, सॉफ्टवेअरने दिली.’ चारही श्रेणींची नावे त्याला तोंडपाठ असतात. या आकड्याचे काय करता येते आणि काय करता येत नाही, हे मात्र त्याला कोणी विचारलेलेच नसते.

माझे म्हणणे एवढेच आहे : प्रश्नमंजुषेत श्रेणीचे नाव विचारणे कमी करावे आणि त्या आकड्यावर कोणती क्रिया चालते, ते विचारावे. का, ते सविस्तर सांगतो.

चार श्रेणी म्हणजे चार परवानग्या

ही चार नावे आपल्याला हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी 1946 साली ‘सायन्स’ या नियतकालिकातल्या एका लेखात दिली. आपण ती वर्गात चार कप्प्यांसारखी शिकवतो. स्टीव्हन्स यांचा विचार वेगळा होता. त्यांनी विचारले, की आकडे कशा प्रकारे बदलले तरी त्यांचा अर्थ तसाच राहतो?

नॉमिनल म्हणजे नामश्रेणी. इथे आकडा हे फक्त नाव असते. वर्गातले हजेरी क्रमांक उद्या सगळे बदलून टाकले तरी कोणाचे काही बिघडत नाही. म्हणून इथे मोजणी करता येते, सर्वांत जास्त वेळा आलेला गट म्हणजे बहुलक सांगता येतो, आणि बस्स.

ऑर्डिनल म्हणजे क्रमश्रेणी. पहिला, दुसरा, तिसरा हा क्रम टिकला पाहिजे, मधले अंतर कितीही असो. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात अर्ध्या गुणाचा फरक असेल, दुसऱ्या आणि तिसऱ्यात बारा गुणांचा. इथे मध्यक चालतो, कारण मध्यक क्रमावरच उभा असतो.

इंटरव्हल म्हणजे अंतराल श्रेणी. हिच्यासाठी आपल्या घरातच छान उदाहरण आहे, कालनिर्णयावरचे वर्ष. महाराष्ट्र राज्य 1 मे 1960 रोजी स्थापन झाले, म्हणजे शके 1882. त्याच महिन्यात साठ वर्षांनी 2020 होते, तेव्हा शके 1942. दोन्ही पद्धतींत अंतर साठच येते. पण 2020 ला 1960 ने भागले तर एक उत्तर येते आणि 1942 ला 1882 ने भागले तर दुसरेच. म्हणजे वजाबाकीला अर्थ आहे, भागाकाराला नाही, कारण शून्य कुठे ठेवायचे हे माणसाने ठरवलेले आहे. तापमानाचेही तसेच. 40 अंश सेल्सिअस हे 20 च्या दुप्पट दिसते, पण फॅरनहाइटमध्ये तेच 104 आणि 68 होतात आणि दुप्पट कुठच्या कुठे जाते.

रेशो म्हणजे गुणोत्तर श्रेणी. रुपये, किलो, मिनिटे. शून्य रुपये म्हणजे खरोखरच काही नाही. म्हणून दोनशे रुपये हे शंभराच्या दुप्पट, आणि पैशांत मोजले तरीही दुप्पटच.

श्रेणी विषयात नसते, प्रश्नात असते

आता प्रश्नमंजुषेतला दुसरा लाडका प्रश्न घ्या : ‘उत्पन्न ही कोणती श्रेणी?’ उत्तरसूची सांगते, रेशो. पण प्रश्नावलीत ‘तुमचे मासिक उत्पन्न किती रुपये?’ असे विचारले तर ते रेशो. ‘10 हजारांपेक्षा कमी, 10 ते 25 हजार, 25 ते 50 हजार, 50 हजारांच्या वर’ असे चार चौकोन दिले तर ते ऑर्डिनल झाले. आणि ‘आयकर भरता का? हो / नाही’ असे विचारले, तर उरले फक्त दोन गट. उत्पन्न तेच, माणूस तोच. बदलला तो प्रश्न. त्यामुळे ‘कसे विचारले’ हे न सांगता श्रेणी विचारणारा प्रश्नच अपुरा आहे. तिथे चुकतो तो पेपर काढणारा.

महाविद्यालयातल्या शिक्षकांच्या ओळखीचे एक उदाहरण बघू. नॅकच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न वर्गात किती अभ्यासक्रम पूर्ण झाला याचा असतो. पर्याय असे : 85 ते 100 टक्के असेल तर 4, 70 ते 84 ला 3, 55 ते 69 ला 2, 30 ते 54 ला 1 आणि 30 च्या खाली 0. अभ्यासक्रमाचे टक्के हे मुळात शून्यापासून मोजता येण्यासारखे. पण पर्यायांत बसवल्यावर काय झाले ते पाहा. वरचे तीन गट साधारण पंधरा टक्क्यांचे आहेत, चौथा पंचवीसचा आणि शेवटचा तीसचा. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. आणि 0 गुण म्हणजे शून्य अभ्यासक्रम नव्हे, ज्याने 28 टक्के शिकवले त्यालाही 0 च. म्हणून ‘4 गुण म्हणजे 2 गुणांच्या दुप्पट शिकवले’ हे वाक्य इथे चालत नाही. प्रश्नमंजुषेत विचारण्यासारखा प्रश्न हा आहे.

लिकर्टचे नेमके काय आहे?

रेन्सिस लिकर्ट हे अमेरिकन संशोधक. त्यांची पद्धत 1932 साली प्रसिद्ध झाली. त्याआधी अभिवृत्ती मोजण्यासाठी थर्स्टन यांची पद्धत होती. तीत आधी बऱ्याच परीक्षकांकडून विधानांचे अकरा गठ्ठे करून घ्यायचे, अगदी प्रतिकूल ते अगदी अनुकूल असे, आणि मग प्रत्येक विधानाचे मूल्य ठरवायचे. काम फार किचकट. लिकर्ट यांनी सोपा मार्ग दाखवला. परीक्षक नकोत. उत्तर देणाऱ्यालाच प्रत्येक विधानावर पाचपैकी एक पर्याय निवडू द्या, 1 ते 5 गुण द्या आणि सगळ्या विधानांच्या गुणांची बेरीज करा. गुंतागुंतीच्या गणिती भारांकाने काढलेले निकाल आणि या साध्या 1 ते 5 चे निकाल जवळपास सारखेच येतात, हे त्यांनी तपासून दाखवले.

यातला ‘बेरीज’ हा शब्द आपल्याकडे हरवतो. लिकर्ट श्रेणी म्हणजे अनेक विधानांची बेरीज. ‘पूर्ण असहमत ते पूर्ण सहमत’ अशी एकच ओळ ही श्रेणीचा एक घटक आहे, एक विधान आहे. या एका ओळीचे उत्तर निश्चितपणे ऑर्डिनल. दहा विधानांची बेरीज मात्र 10 ते 50 च्या दरम्यान कुठेही येऊ शकते, एका विधानातले चढउतार दुसऱ्यात भरून निघतात, आणि व्यवहारात तिला इंटरव्हलसारखी वागवतात. म्हणजे ‘ब’ आणि ‘क’ ही दोन्ही उत्तरे दोन वेगवेगळ्या गोष्टींबद्दल आहेत. प्रश्नात तो फरकच नसेल, तर विचार करणारा विद्यार्थी अडकतो आणि पाठ करणारा पुढे जातो.

दोन मेस आणि एक निर्णय

हे एरवी कोरडे वाटते, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. आकडे मी शिकवण्यासाठी बनवलेले आहेत, तुम्ही फळ्यावर तसेच्या तसे घेऊ शकता.

वसतिगृहाला दोनपैकी एका मेसला वर्षाचे कंत्राट द्यायचे आहे. विधान एकच : ‘दिलेल्या पैशांच्या मानाने जेवण योग्य आहे.’ पर्याय पाच, पूर्ण असहमत 1 पासून पूर्ण सहमत 5 पर्यंत. प्रत्येक मेसच्या दहा मुलांनी उत्तरे दिली.

मेस अ : दोघांनी 3 दिले, आठ जणांनी 4.
मेस ब : एकाने 1, तिघांनी 2, सहा जणांनी 5.

सरासरी काढा. ‘अ’ची बेरीज 38, सरासरी 3.8. ‘ब’ची बेरीज 37, सरासरी 3.7. अहवाल लिहिणारा म्हणेल, मेस अ सरस.

आता मध्यक काढा. ‘अ’चा मध्यक 4, ‘ब’चा 5. म्हणजे मेस ब सरस!

आता मुलांना सांगा, की ‘पूर्ण सहमत’ला 5 ऐवजी 6 द्या, बाकी सगळे तसेच ठेवा. क्रम बिघडला का? नाही. ‘पूर्ण सहमत’ अजूनही सगळ्यांत वर आहे. आणि ‘सहमत’ ते ‘पूर्ण सहमत’ हे अंतर एकच पायरीचे आहे, दोन पायऱ्यांचे नाही, असे कोणी मोजलेले आहे का? तेही नाही. पुन्हा सरासरी काढा. ‘अ’ची 3.8 च राहते, कारण तिथे कोणी 5 दिलेलाच नव्हता. ‘ब’ची बेरीज 43 होते आणि सरासरी 4.3. निकाल उलटला. मुलांचे मत तिळमात्र बदललेले नाही, फक्त आपण लावलेले लेबल बदलले. मध्यक मात्र आधीही ‘ब’च्या बाजूने होता, आताही आहे.

ऑर्डिनल आकड्यांवर सरासरी का बेभरवशाची, ते या एका उदाहरणात वर्गाला डोळ्यांनी दिसते. पण इथे थांबू नका. मध्यकानेही एक गोष्ट लपवली आहे. मेस ब मध्ये दहापैकी चार मुले नाराज आहेत, मेस अ मध्ये नाराज कोणीच नाही. सहमत आणि पूर्ण सहमत एकत्र मोजले तर ‘अ’कडे आठ मुले येतात, ‘ब’कडे सहा. कोणीही उपाशी राहू नये असे वसतिगृहाला वाटत असेल तर ‘अ’ घ्यावी. ‘पूर्ण सहमत’ मुले जास्तीत जास्त हवी असतील तर ‘ब’. उत्तरांची पूर्ण वाटणी समोर ठेवली, की निर्णय कशावर ठरतो ते दिसते. एका आकड्यात कोंबली, की ते झाकले जाते. म्हणून एका विधानाचा निकाल सांगताना प्रत्येक पर्यायाला किती जण, हे आधी द्यावे, असे माझे मत आहे.

मराठी प्रश्नावलीतले खड्डे

आपली मुले इंग्रजी प्रश्नावलीचे मराठी करतात तेव्हा पायऱ्या आणखी डगमगतात. ‘उत्तम, खूप चांगले, चांगले, बरे, वाईट’ असे पर्याय सर्रास दिसतात. यात कौतुकाची तीन घरे, तक्रारीचे एक, आणि ‘बरे’ कुठे बसते ते बोलणाऱ्याच्या सुरावर अवलंबून. कोणी ‘बरं आहे’ म्हणतो तेव्हा समाधानी असतो, कोणी म्हणतो तेव्हा नाक मुरडत असतो. कागदावर सूर उमटत नाही.

दुसरे, ‘तटस्थ’ आणि ‘सांगता येत नाही’ यांची भेसळ. मेसमध्ये कधी जेवलाच नाही त्या मुलाने 3 ला टिक केली, तर त्याचे अज्ञान मधले मत म्हणून मोजले जाते. ‘अनुभव नाही’ असा पर्याय ओळीच्या बाहेर, वेगळा द्यावा आणि त्याला गुण देऊ नयेत.

तिसरे, उलट विधाने. सगळी विधाने एकाच दिशेची असली की माणूस न वाचता सरळ 4, 4, 4 करत जातो, म्हणून काही विधाने उलटी ठेवतात. ‘जेवण ताजे असते’ला 5 आणि ‘जेवण अनेकदा शिळे असते’ला 1 देणारा मुलगा पूर्ण समाधानी आहे. पण आहे तशी बेरीज केली तर 10 पैकी 6, म्हणजे धड ना इकडे ना तिकडे. उलट विधानाचे गुण आधी 6 मधून वजा करायचे असतात. 6 वजा 1 म्हणजे 5, आणि बेरीज 10. हे राहून गेले की कसे कळते? ते विधान बाकीच्यांच्या बेरजेशी उलट दिशेने जाताना दिसते, म्हणजे सहसंबंध ऋण येतो, आणि क्रॉनबॅक अल्फा एकदम घसरतो. अल्फा कमी आला की मुले विधानेच काढून टाकतात. आधी दिशा तपासायला शिकवा. आणि उलट विधान करताना ‘नाही’ घालू नका. ‘जेवण मला आवडत नाही’ या वाक्याशी असहमत म्हणजे आवडते की नाही, यात भलेभले चुकतात.

मग सरासरी काढायचीच नाही का?

असा टोकाचा आग्रह माझा नाही. खुद्द स्टीव्हन्स यांनी त्याच लेखात मान्य केले होते, की क्रमश्रेणीवर सरासरी काढणे नियमाला धरून नसले, तरी व्यवहारात त्यातून पुष्कळदा उपयोगी निष्कर्ष निघतात. अनेक विधानांची बेरीज असेल, विधाने एकमेकांशी जुळत असतील आणि दोन गटांतला फरक ठळक असेल, तर सरासरीने सहसा दिशाभूल होत नाही. धोका असतो तो एकाच विधानात, छोट्या गटात आणि 3.8 विरुद्ध 3.7 अशा चिमूटभर फरकावर निर्णय घेण्यात. हा विवेक शिकवायचा असेल तर ‘ब की क’ या प्रश्नाने तो येणार नाही.

पालकांनाही हे उपयोगी आहे. सीईटीच्या निकालातला पर्सेंटाइल हा क्रमावर उभा असतो. 50 वरून 51 आणि 98 वरून 99 ही दोन्ही अंतरे कागदावर एकेकच. पण मधल्या भागात मुलांची दाटी असते आणि टोकाला विरळ, त्यामुळे वरच्या त्या एका पॉइंटसाठी सहसा कितीतरी जास्त गुण लागतात. ‘एकच तर पॉइंट वाढवायचा होता’ असे मुलाला म्हणण्यापूर्वी हे आठवावे. तसेच गुणांचे. शून्य गुण म्हणजे शून्य ज्ञान नव्हे, आणि 80 वाल्याला 40 वाल्याच्या दुप्पट येते असेही नव्हे.

प्रश्न कसे विचारावेत?

पर्यायी प्रश्न सोडायचे नाहीत, तपासायला ते सोयीचेच. फक्त रोख बदलायचा. तीन नमुने देतो.

1. ‘एका कंपनीने ग्राहकांचे पिन कोड नोंदवले. यावरून कोणते विधान करता येईल? अ) सरासरी पिन कोड ब) सर्वांत जास्त ग्राहक असलेला पिन कोड क) मधला पिन कोड ड) दुप्पट पिन कोड.’ उत्तर ब. पिन कोड अंकांत असला तरी तो पत्त्याचे नाव आहे.

2. ‘वय कसे विचारले तर सरासरी वय थेट काढता येईल? अ) तरुण, मध्यमवयीन, ज्येष्ठ ब) 18 ते 30, 31 ते 50, 50 च्या वर क) पूर्ण झालेली वर्षे लिहा ड) मतदार आहात का?’ उत्तर क. इथे मुलाला आपोआप कळते, की श्रेणी प्रश्न लिहिणाऱ्याच्या हातात असते. तपशिलात विचारलेले वय नंतर गटांत बसवता येते, पण गटांत विचारलेल्या वयावरून नेमके वय परत मिळत नाही.

3. वरच्या दोन मेसचे आकडे द्या आणि विचारा, ‘पर्यायांचे गुण क्रम न बिघडवता बदलले, तर कोणता निष्कर्ष नक्की टिकेल? अ) ‘अ’ची सरासरी जास्त ब) ‘ब’चा मध्यक वरच्या पर्यायावर क) दोन्ही सरासरींत 0.1 चा फरक ड) यांपैकी एकही नाही.’ उत्तर ब.

या तिन्ही प्रश्नांत नॉमिनल, ऑर्डिनल हे शब्द एकदाही आले नाहीत, तरी ते समजल्याशिवाय प्रश्न सुटत नाहीत. येत्या चाचणीत निदान एक जुना प्रश्न काढून त्या जागी असा एक घालून पाहा. आणि लिकर्टचा प्रश्न ठेवायचाच असेल, तर त्यात ‘एका विधानाचे उत्तर’ की ‘दहा विधानांची बेरीज’ एवढे स्पष्ट लिहा. तेवढ्याने उत्तरसूचीतला अर्धा वाद मिटेल.